दोन आठवडे बुडाले, आता सहा महिन्यांचं काय?

"मॅडम, धानकापणीसाठी घरी भंडाऱ्याला गेले आणि दोन आठवडे पुस्तक उघडलं नाही. परत येऊन चार दिवस झाले, पण अभ्यासिकेत नुसती टाइमटेबलकडे पाहून राहिले. सहा महिन्यांत एमपीएससीची संयुक्त पूर्व परीक्षा आहे. आता कुठून सुरू करू?"

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पण नागपुरात नंदनवन, महाल, सीताबर्डीच्या अभ्यासिकांमधून येणाऱ्या मुलांकडून हीच तक्रार मी सतत ऐकते. कारण कधी कापणी असतं, कधी डेंग्यू, कधी घरातलं लग्न.

"रोज किती तास ठरवले होते?" मी विचारलं.

"दहा. म्हणजे १४० तास बुडाले. रोज दोन जास्तीचे बसले तरी भरून निघायला ७० दिवस लागतील."

ती टाइमटेबल उघडून मिटत होती, कारण प्रत्येक सकाळ तिला बारा तासांनी सुरू करायची होती. आळस कुठेच नव्हता. मी तिला अभ्यासिकेच्या रजिस्टरमधून आधीच्या चार आठवड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा उतरवून आणायला सांगितल्या. आठवड्याला सरासरी पाच दिवस हजेरी, दिवसाला सात तास. चहा, मोबाइल, मेस वजा केल्यावर प्रत्यक्ष वाचन साडेपाच तास, म्हणजे आठवड्याला साधारण २७. कागदावर होते ७०.

"मग दोन आठवड्यांत खरे किती बुडाले?"

ती थोडा वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. "५४."

"आणि उरलेले ८६?"

"ते मी कधी करतच नव्हते, मॅडम."

तिची पाठ पहिल्यांदाच खुर्चीला टेकली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो अशा क्षणांमुळेच. खंडापेक्षा 'मी रोज दहा तास अभ्यास केलाच पाहिजे' ही मागणी माणसाला जास्त दिवस बसवून ठेवते. ती मागणी पुराव्यासमोर ठेवली की सैल होते. नुसत्या धीराच्या शब्दांनी होत नाही. ५४ तासही भरून काढायचे नाहीत, ते सोडून द्यायचे असं आम्ही ठरवलं. जुनी थकबाकी नव्या दिवसावर चढवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा खंड पडतो.

मग ध्येय. 'पास व्हायचंच' हे ध्येय तिच्या हातात नव्हतं, कटऑफ इतरांच्या गुणांवरही ठरतो. म्हणून जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला सांगितली: १०० प्रश्न, एक तास. तिने ६४ सोडवले, ४४ बरोबर, २० चूक. चुकीच्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा, म्हणजे हाती ३९. सहा महिन्यांनी अशाच पेपरात ५५, हे ध्येय लिहिलं. तपासणी महिन्यातून एकदाच. दर आठवड्याला पेपर दिला तर दोन-तीन गुणांची चढउतार प्रगती किंवा अधोगती वाटू लागते.

सहा महिने म्हणजे २६ आठवडे. त्यातले चार आजारपण, सण आणि शेतीसाठी आधीच मोकळे सोडले. शेवटचे सहा उजळणी आणि सराव पेपरांना. उरले १६ आठवडे, २७ तासांप्रमाणे ४३२ तास. तिच्या यादीतली सगळी पुस्तकं यात बसेनात, तेव्हा प्रत्येक विषयाला एकच पुस्तक आणि जुने प्रश्न ठेवले. गणित-बुद्धिमत्तेला मात्र १०० तास दिले, कारण तिचे न सोडवलेले बहुतेक प्रश्न तिथलेच होते. पुस्तकं कमी करताना तिला त्रास झाला, पण हा निर्णय टाळला की वेळापत्रक पुन्हा ७० तासांवर जातं.

परतीचे पहिले तीन दिवस नवं काहीही नाही. पहिल्या दिवशी दीड तास: खंडापूर्वी वाचलेल्या राज्यघटनेच्या प्रकरणांवरचे २५ प्रश्न, आधी न वाचता सोडवायचे, मग फक्त चुकलेल्या प्रश्नांची पानं काढायची. "सगळं विसरले" म्हणणाऱ्या तिचे १३ बरोबर आले. विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. तिला ते त्या पानांवर स्वतः दिसलं. दुसऱ्या दिवशी अडीच तास, तिसऱ्या दिवशी साडेतीन, चौथ्या दिवसापासून एक नवं प्रकरण.

धोका तिसऱ्या दिवशी असतो. हुरूप येतो, मुलं नऊ तास बसतात आणि चौथ्या दिवशी उठतच नाहीत. म्हणून तिला वेळ संपली की उठायचं, असंच सांगितलं होतं. पुढे ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवसासाठीही तेच २५ प्रश्न ठेवले, घरी शेतावरून आल्यावरही होतील इतके.

मात्र खंडाचं कारण संपूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून मेडिकल रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावं, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी बोलावं.