सोडियम ११२, पोटॅशियम २.८: आधी काय बघायचं?

वॉर्डात नवीन आहेस, म्हणून सगळी कारणं पाठ करण्याआधी ही एक केस नीट समजून घे. सत्तरीच्या आजी, रक्तदाबासाठी थायझाइड चालू, आठवडाभर मळमळ, आता बोलण्यात गोंधळ. सोडियम ११२, पोटॅशियम २.८. दोन्ही त्या एकाच गोळीने खाली आणलेलं असू शकतं, तेव्हा ती आधी बंद.

आकडा बघून घाबरू नकोस, पेशंट बघ. झटके किंवा बेशुद्धी असेल तर तीन टक्के सलाईन १५० मिली वीस मिनिटांत, सीनियरला बोलावून. सोडियम ४ ते ६ ने वाढलं की धोका बहुधा टळतो. तिथे थांबायचं.

नवख्यांची चूक इथेच होते: आकडा लवकर १३५ वर नेण्याची घाई. आठवडाभरात मेंदूने कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं. २४ तासांत ८ च्या वर गेलात, तर काही दिवसांनी गिळणं, बोलणं, हातपाय जाऊ शकतात.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: पोटॅशियम दिलं की सोडियमही वाढतं. ते त्याच हिशोबात धरायचं.

पोटॅशियमचं अँपूल थेट शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं. सलाईनमध्ये मिसळून, बाटली उलटसुलट हलवून, हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीमोलपर्यंत. सोबत ईसीजी, आणि दर चार तासांनी सोडियम. लघवी अचानक भरपूर व्हायला लागली, तर सोडियम उसळी घेतंय असं समज आणि लगेच कळव.