उत्तर तपासताय? मग जुनी आकृती झाका

बैठक व्यवस्थेचं कोडं तपासताना जुन्या आकृतीवरच नजर फिरवू नकोस, तीच चूक परत बरोबर वाटते. कोऱ्या कागदावर दुसऱ्या माणसापासून सुरू कर.

समज ए ते एफ असे सहा जण गोल टेबलाला, तोंड केंद्राकडे:
- बी, ए च्या समोर
- सी, ए च्या उजवीकडे दुसरा
- डी, बी च्या लगेच उजवीकडे
- ई, सी च्या शेजारी

आधी ए पासून केलंस ना, आता बी पासून बसव. उजवीकडे मोजत बी, डी, एफ, ए, ई, सी हाच क्रम यायला हवा. उलटा आला तर डावं-उजवं चुकलंय, केंद्राकडे तोंड असताना उजवीकडे म्हणजे घड्याळाच्या उलट. आणि ई दोन जागी बसत असेल तर शेवटची अट राहिलीये. नात्यांच्या गणितातही तसंच दुसऱ्या माणसापासून तपास, आणि नावावरून बाई-पुरुष ठरवू नकोस.