रात्री 2.40 ची नोंद

"मॅडम, मला आयटीच सोडायचं आहे. बेकिंगचा कोर्सही लावलाय. पण नुसती कंपनी बदलून भागेल, की माझं क्षेत्रच चुकलंय, हे कळत नाही."

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या माणसांच्या तोंडून हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की, एकीची हकीकत, ओळख पुसून, येथे लिहीत आहे. त्या 33 वर्षांच्या होत्या, 9 वर्षे प्रॉडक्शन सपोर्टमध्ये होत्या आणि राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार ठेवूनच आल्या होत्या.

मी आधी बेकिंगबद्दल विचारले. कोर्सची फी भरली होती, मात्र चार वर्ग बुडाले होते आणि घरचा ओव्हन दोन महिन्यांत एकदाही लागला नव्हता. माझ्या दृष्टीने ही पहिली खूण होती. ज्याचे क्षेत्र चुकलेले असते, तो ऑफिसातून कितीही मरगळून आला तरी आवडीच्या कामाला रात्री अकरा वाजताही हात घालतो, कारण त्याची ताकद संपलेली नसते, फक्त तिला तिथे जागा नसते. बर्नआउटमध्ये, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून रिता होतो तेव्हा, मात्र जे स्वप्न म्हणून सांगितले जाते, तेसुद्धा फिके पडते. अर्थात असे फिकेपण नैराश्यातही येते आणि थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन बिघडल्यानेही माणूस गळून जातो. म्हणून पुढे जाण्याआधी मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवले. रिपोर्ट ठीक आले.

मग विचारले, "हे कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. टीममधले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. आता ऑन-कॉल दर दुसऱ्या आठवड्याला येतो."

"आणि त्याआधीची साडेसात वर्षं?"

त्या गप्प झाल्या. तारीख सांगता येणारा थकवा बहुधा परिस्थितीतून आलेला असतो. क्षेत्र न जुळल्याची तक्रार मात्र मागे मागे जात पहिल्या नोकरीपर्यंत, कधी कॉलेजच्या प्रवेशापर्यंत पोहोचते.

तरीही एवढ्यावर निष्कर्ष काढणे मला पटत नाही, कारण थकलेला माणूस स्वतःचा भूतकाळही थकलेल्या डोळ्यांनीच पाहतो. म्हणून मी त्यांना तीन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. दिवसातली कामे एकेक करून लिहायची आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी नोंदवायच्या: काम करताना कसे वाटले आणि काम संपल्यावर कसे वाटले.

तिसऱ्या आठवड्यातली एक नोंद मला अजून आठवते. रात्री 2.40 ला फोन आला, डेटाबेस लॉक झाला होता, अडकलेली क्वेरी त्यांनी वीस मिनिटांत शोधून काढली. पुढे लिहिले होते "मस्त वाटलं", आणि ते शब्द खोडलेले होते. खाली सकाळी 9 च्या कॉलची नोंद होती, तिथे "इतका वेळ का लागला?" असे विचारले गेले होते, आणि पुढे "संताप" हा एकच शब्द होता.

"हे खोडलं का?" मी विचारले.

"अहो, मला हे काम आवडत नाही ना! मग मस्त कसं वाटेल?"

बोलता बोलता त्या स्वतःच थांबल्या आणि वहीकडे बघत राहिल्या. त्यानंतर सात-आठ मिनिटे आम्ही दोघीही बोललो नाही. अशा वेळी न बोलणे मला फार उशिरा जमले, हेही सांगते.

क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी बर्नआउटची मुळे कामाचा भार, त्यावरचा ताबा, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्ये या सहा ठिकाणी शोधायला सांगितली आहेत, आणि माझा कल त्याच मांडणीकडे आहे. या बाईंच्या वहीत भार, ताबा आणि न्याय, तिन्ही कोसळलेले दिसत होते. कामाचा गाभा मात्र शाबूत होता. याउलट, पूर्वी आलेल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरचा साहेब भला होता, वेळा सरळ होत्या, पगार वेळेवर होता, आणि तरीही वहीत "काम करताना" या रकान्यात महिनाभर एकही जिवंत शब्द आला नव्हता. त्यांनी क्षेत्र बदलावे, असे मी उघडपणे म्हटले होते.

यांना मात्र मी राजीनामा लगेच पाठवू देत नव्हते. आधी दोन आठवडे सलग रजा, लॅपटॉप बंद. परतल्यावर ऑन-कॉल दर चौथ्या आठवड्यावर आणण्याची लेखी मागणी. आणि सहा आठवडे वाट पाहणे. रजेनंतर बरे वाटले एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण रजेवर कोणालाही बरे वाटते. कामावर परतून एक अट बदलल्यावर काय होते, ते पाहायचे असते. रजेच्या दहाव्या दिवशी ओव्हन लागला. मागणी मात्र फेटाळली गेली, आणि तेव्हा प्रश्न फक्त कंपनीचा उरला.

नोटीस 90 दिवसांची होती, त्यामुळे शोध निवांत झाला. काम तेच निवडले. नव्या ठिकाणच्या मुलाखतीत पगाराआधी त्यांनी विचारले, "ऑन-कॉल रोटात किती जण आहेत?" उत्तर आले, "सहा."