‘मी अर्ज दिलो’ की ‘मी अर्ज दिला’?

लातूरहून लिहितोय. सोसायटीच्या कमिटीला तक्रार द्यायची आहे. मजकूर बदलू नका, भाषा जड करू नका. फक्त शुद्धलेखन आणि व्याकरण तपासा. ‘अर्ज दिलो’ चूक आहे असं मुलगी म्हणते. आमच्याकडं तर सगळे असंच बोलतात.

“महोदय, गच्चीवरील टाकी गेल्या दोन महीन्यापासुन गळायलीय. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराची भिंत ओलि झाली आहे. मी सचीवाना तीन वेळा सांगीतलो, १२ तारखेला लेखी अर्जपण दिलो. त्यांनी दुर्लक्ष केले. तरी समीतीने लवकर दुरूस्ती करावी हि नम्र विनंती.”

*

लातूर, नांदेड, सोलापूर या पट्ट्यात ‘मी काम केलो’ हे घराघरांत ऐकू येतं आणि बोलण्यात त्याला चूक म्हणायचं कारण नाही. पण तुमचं पत्र बाकी जवळजवळ सगळं प्रमाण मराठीत आहे, आणि तिथं मुलीचं बरोबर आहे.

‘देणे’ सकर्मक आहे. अशा क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्त्याकडं पाहत नाही, कर्माकडं पाहतं. अर्ज दिला, तक्रार दिली, पत्र दिले, तीन अर्ज दिले. देणारा पुरुष असो की बाई, ‘मी अर्ज दिला’च. घोटाळा होतो तो ‘मी’मुळं. ‘त्याने’मध्ये ‘ने’ दिसतो, त्यामुळं क्रियापद त्याच्याशी जुळवायचा मोह होत नाही. ‘मी’ला मात्र असा प्रत्यय दिसत नाही, ‘मी गेलो’तला ‘मी’ आणि ‘मी दिला’तला ‘मी’ दिसायला एकच. जुन्या मराठीत या दुसऱ्या ‘मी’साठी ‘म्यां’ हे वेगळं रूप होतं, अभंगांत ते अजून भेटतं. ते मागं पडलं आणि खूणही गेली.

अडलं की ‘मी’च्या जागी तिसरा माणूस बसवून पाहा. ‘त्याने अर्ज दिला’, म्हणून ‘मी अर्ज दिला’. ‘तो विसरला’, म्हणून ‘मी विसरलो’. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणं चालतात (‘मी मराठी शिकलो’). ती पाठ करत बसायची गरज नाही. ‘तो’ येतो की ‘त्याने’ येतो एवढंच तपासायचं. ‘सांगणे’ला ‘त्याने’ लागतो आणि तुमच्या वाक्यात कर्म उघड दिलेलं नाही, म्हणून ‘सांगितले’.

‘गळायलीय’ हे मराठवाड्याचं खास रूप. त्याचं व्याकरण चोख आहे: टाकी गळायलीय, नळ गळायलाय. पण ‘दिलो’ प्रमाण भाषेसाठी बदलायचं आणि हे ठेवायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. म्हणून ‘गळत आहे’.

आता अनुस्वार. महिने दोन आहेत, तेव्हा ‘महिन्यांपासून’. सचिव एकच असले तरी पुढं ‘त्यांनी’ म्हणून तुम्ही त्यांना आदर दिला आहे. मग इथंही ‘सचिवांना’. एकेरी असतं तर ‘सचिवाला’ झालं असतं. ‘सचिवाना’ मात्र कशातच बसत नाही.

‘सचीव’ लिहिण्याची ओढ मी समजू शकतो. वकील, गरीब असे शब्द अकारान्त आहेत आणि त्यांचं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आहे, ‘पासून’चंही तेच. पण ‘सचिव’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, अशा शब्दांत मधला ह्रस्व ह्रस्वच राहतो. ‘समिती’त ‘मि’ त्याच कारणानं ह्रस्व. शेवटची ‘ती’ संस्कृतात ह्रस्व असली तरी शासनानं १९६२ साली मान्य केलेल्या नियमांनुसार मराठीत दीर्घ लिहितो, आणि प्रत्यय लागला तरी दीर्घच. ‘ओली’ आणि ‘ही’ यांतही शेवट दीर्घ. ‘महिना’, ‘दुरुस्ती’ यांत शेवट दीर्घ असल्यानं आधीचं अक्षर ह्रस्व.

‘अर्जपण’ तोडून लिहायचा सल्ला कुणी देईल, देऊ द्या. ‘सुद्धा’ या अर्थाचा ‘पण’ शब्दयोगी आहे, तो जोडूनच बरोबर. ‘१२ तारखेला’ यात महिना लिहिलेला नाही, पण तो मजकुराचा भाग, तुम्ही सांगितल्याप्रमाणं मी हात लावलेला नाही.

“महोदय, गच्चीवरील टाकी गेल्या दोन महिन्यांपासून गळत आहे. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराची भिंत ओली झाली आहे. मी सचिवांना तीन वेळा सांगितले, १२ तारखेला लेखी अर्जपण दिला. त्यांनी दुर्लक्ष केले. तरी समितीने लवकर दुरुस्ती करावी ही नम्र विनंती.”