तिने तोंडी सांगितलं, लेखी नाही, मग पहिल्या तासात काय करायचं?

"मॅडम, लाइनवरची एक बाई म्हणते फिटर त्रास देतो, पण लिहून द्यायला घाबरते. त्याला बोलावून समोरासमोर विचारू, की लेखी येईपर्यंत गप्प बसू?"

दोन्ही नको, भाऊ. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका युनिटमधली केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. पॅकिंगची बाई, कॉन्ट्रॅक्टवर, चहाच्या सुट्टीत सुपरवायझरकडे आली आणि नुसती रडायलाच लागली. त्याने तिला स्टोअरच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, आधी विचारलं की सोबत कोणी बाई हवी का, तिने मैत्रिणीचं नाव घेतलं तर तिला बोलावलं. मग फक्त एवढंच विचारलं, काय झालं, कधी, कुठे, कोणी पाहिलं का. "आधी का नाही बोललीस" हे विचारलं नाही, ते विचारलं की बाई तिथेच मिटते.

वहीत त्याने आधी "गैरवर्तन केले" असं लिहिलं होतं. मग स्वतःच खोडलं आणि तिचं वाक्य लिहिलं, "मशीनपाशी मागून येऊन कमरेला हात लावला, सरक म्हटलं तर हसला". खाली तारीख, वेळ, आणि तिला वाचून दाखवलं. हे लय कामाचं, कारण गैरवर्तन म्हणजे शिवी पण असू शकते, महिनाभराने कोणाला काय आठवणार.

ती म्हणाली कोणाला सांगू नका. इथे बरेच जण पटकन वचन देऊन बसतात. त्याने साफ सांगितलं की कंपनीच्या अंतर्गत समितीला कळवावं लागेल, पण लाइनवर कोणाला कळणार नाही, आणि तक्रार द्यायची की नाही ते तुम्हीच ठरवायचं. लिहिता येत नसेल तर अंतर्गत समितीचे मेंबर लिहायला मदत करतात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातच आहे ते. मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने, कारण पटलं तर समिती अजून 3 वाढवू शकते. जिथे 10 पेक्षा कमी माणसं, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

त्रास देणारा इथेही फिटरच होता, पण त्याला त्या तासात बोलावलंच नाही. समोरासमोर बसवून सॉरी म्हणायला लावलं असतं तर तो सावध झाला असता, साक्षीदारांशी बोलून घेतलं असतं, आणि समझोता हा तसाही सुपरवायझरचा विषय नाही, तो समिती करते, तोही बाईने मागितला तरच, पैसे घेऊन तर नाहीच.

मग दोन फोन. एक समितीच्या अध्यक्ष बाईंना. दुसरा सिक्युरिटीला, की त्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं फुटेज वेगळं काढून ठेवा, नाहीतर वर नवीन रेकॉर्डिंग चढतं. कारण सांगितलं नाही, ग्रुपवर तर काहीच टाकलं नाही.

आणि एक गोष्ट त्याने विचारली जी मलाही सुचली नसती, घरी कशी जाता? फिटर कंपनीच्या त्याच बसने जायचा. त्या संध्याकाळी तिला मैत्रिणीसोबत दुसऱ्या रूटच्या बसने पाठवलं. लाइन मात्र बदलली नाही, तिथला ओव्हरटाइम बुडाला असता, म्हणून फिटरलाच त्या दिवशी दुसऱ्या शेडचं काम लावलं, रोज लावतात तसंच, गाजावाजा न करता.