फेस पेमेंटमध्ये खरी गोची नोंदणीत असते

प्रश्न: हात किंवा चेहरा दाखवून पैसे देतात त्या मशीनमध्ये आपली नोंदणी कशी होते, आणि काउंटरवर ते आपल्याला कसं ओळखतं? फोटो सेव्ह होतो का?

मी कोल्हापुरात बिलिंग आणि हजेरीची मशीनं बसवतो, त्यामुळं या विषयावर मला गप्प बसवत नाही.

नोंदणीच्या वेळी मशीन तुमचे दोन-चार फ्रेम घेतं, उजेड, कोन, धूसरपणा तपासतं आणि चेहऱ्यावरून आकड्यांची एक लांबलचक ओळ बनवतं, तिला टेम्प्लेट म्हणतात. ही ओळ तुमच्या खात्याला किंवा कार्डाला जोडली जाते. काउंटरवर नवीन फ्रेमची तशीच ओळ बनते, साठवलेल्या ओळींशी ताडून मार्क दिले जातात आणि ठरवलेल्या मार्कांच्या वर गेलं की पैसे कापले जातात. जुळवायला टेम्प्लेट पुरतं, पण बऱ्याच ठिकाणी मूळ फोटोही ठेवलेला असतो, तो ठेवता का हे विचारून घ्या. हाताच्या मशीनमध्ये इन्फ्रारेड उजेड सोडतात, शिरेतलं रक्त तो शोषून घेतं म्हणून शिरा काळ्या दिसतात आणि त्या जाळ्याचं टेम्प्लेट होतं.

आता खरी गोष्ट. आमच्या दाजींकडं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं कँटीन आहे, ६०० च्या आसपास कामगार, चेहरा दाखवायचा, थाळी घ्यायची, पैसे पगारातून कट. मशीन दुसऱ्याच माणसाकडून घेतलं होतं. एका कामगाराच्या पगारातून दुपारच्या थाळ्या कापल्या जायला लागल्या आणि गडी तर त्या आठवड्यात रात्रपाळीला, दुपारी गेटच्या आत पायसुद्धा नाही. दाजी म्हणाले, पोरं लबाडी करतात, मशीन खोटं बोलत नाही.

मी मशीनमधून लॉग काढला. दुपारच्या नोंदींना १०० पैकी ६७ च्या आसपास मार्क, आणि त्याच गड्याच्या स्वतःच्या रात्रीच्या नोंदींना ७१. स्वतःच्याच चेहऱ्याला ७१ म्हणजे काहीतरी गडबड आहे, कारण ज्यांची नोंदणी काउंटरवर उभं करून झाली होती त्यांना ८५ च्या वर पडत होते. मग कळलं की मशीन बसवणाऱ्यानं वेळ वाचवायला ऑफिसातले जुने आयकार्डाचे फोटो एकदम अपलोड केले होते. जुना फोटो, तेव्हा मिशी नाही, वरून स्टुडिओचा फ्लॅश, त्यामुळं टेम्प्लेटच कच्चं, मार्क कमी पडायचे, लाईन अडायची, म्हणून त्यानं पासिंग ८० वरून ६५ वर आणलं होतं. दुपारी जेवणारा होता त्याचा धाकटा भाऊ, नवीन लागलेला, अजून नोंदणीच नाही. यादीत तो नव्हताच, मशीननं सगळ्यात जवळचा चेहरा शोधला, थोरला सापडला, ६७ म्हणजे पास. पोरगं बिचारं समजत होतं की जेवण कंत्राटदाराच्या नावावर जातंय.

हे भावांपुरतंच नाही. समजा एका तुलनेत लाखात एक चूक होते. ६०० जणांच्या यादीशी ताडलं की नोंद नसलेला माणूस हजारात सहा वेळा कुणाच्या तरी नावावर पास होणार, आणि यादी १० लाखांची असली तर त्याला जुळणारे दहाएक जण निघतील. म्हणून मी तेव्हापासून सांगतोय, आधी कामगार नंबरचे शेवटचे चार आकडे दाबायला लावा आणि मग चेहरा घ्या, म्हणजे एकाशीच ताडायचं. आधारवर पैसे काढताना आधी नंबर आणि मग बोट असंच असतं की, आणि चीनमध्ये हांगझोऊच्या केएफसीत २०१७ ला चेहऱ्यानं पैसे देणं सुरू झालं तेव्हाही मोबाईल नंबर टाकायला लावत होते. दाजी म्हणतात लाईन थांबते. चार आकडे दाबायला किती वेळ लागतो ओ? गरिबाच्या पगारातून चुकीची थाळी कापण्यापेक्षा लाईन थांबलेली बरी.

शेवटी सगळ्यांची नोंदणी काउंटरवरच, तिथल्याच उजेडात, टोपी काढून परत केली, जुने फोटो उडवले, पासिंग परत ८० केलं, त्या गड्याचे पैसे परत दिले. चार आकड्यांवर दाजी अजून अडून आहेत.

आणि हो, मार्कांचे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, माझे ८० तुमच्या मशीनला लावू नका. मोबाईलमधला फोटो दाखवून चांगलं मशीन फसत नाही, इन्फ्रारेड कॅमेऱ्याला मोबाईलची स्क्रीन काळी दिसते, पण साधा एकच कॅमेरा असेल तर भरवसा धरू नका. हाताचं मशीन मला जास्त पटतं, हात मुद्दाम पुढं करावा लागतो, नुसतं समोरून गेलं म्हणून कुणाचे पैसे जात नाहीत, पण फाउंड्रीत काजळीचे आणि पट्टी बांधलेले हात असतात, तिथं नंबर टाकायची सोय ठेवावीच लागते. असं पैसे देणं कायमचं बंद करताना टेम्प्लेट डिलीट करायला सांगा, पिन बदलता येतो, चेहरा नाही.