‘वात झाला’, ‘विसर पडत चालला’, ‘मन लागत नाही’

«फोंड्यात नर्सिंगच्या मुलींसाठी मानसोपचाराचे सरावप्रश्न मराठीत करते आहे. म्हाताऱ्या रुग्णांच्या डिलिरियम, डिमेन्शिया आणि डिप्रेशनसाठी ‘भ्रम’, ‘स्मृतिभ्रंश’ आणि ‘नैराश्य’ लिहिलं. बरोबर आहे का? की घरगुती शब्द जास्त बरे?»

‘स्मृतिभ्रंश’ आणि ‘नैराश्य’ ठेवा, ‘भ्रम’ मात्र काढाच. मानसोपचारात ‘भ्रम’ म्हणजे पुरावा दाखवला तरी न हटणारी खोटी समजूत, उदाहरणार्थ ‘सून जेवणात विष घालते’. ‘भ्रंश’ म्हणजे होतं तिथून ढळणं. डिमेन्शियात कमावलेली बुद्धी ढळते, म्हणून तो शब्द चपखल बसतो.

डिलिरियमला आपल्याकडे जुना शब्द आहे: वात. ‘तापात वात झाला, रात्रभर बरळत होता.’ लॅटिन ‘डिलिरियम’चा मूळ अर्थ नांगराने तास सोडणं, म्हणजे तोही बैल भरकटल्यासारखाच. पण ‘वात’ आणि ‘बरळणे’ यांत आरडाओरडा गृहीत आहे. डिलिरियमचा एक प्रकार अगदी मुका असतो. माणूस गुंगीत पडून राहतो आणि सगळ्यांना तो उदास वाटतो. म्हणून प्रश्नात सरळ ‘डिलिरियम’ लिहा.

घरगुती भाषा मात्र टाकू नका, कारण तिची क्रियापदं निदान सांगतात. वात ‘झाला’: काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत. विसर ‘पडत चालला’: महिने, वर्षं. मन ‘लागत नाही’: काही आठवडे, आणि त्यात चढउतार कमी. वात झालेला माणूस सकाळी ओळखतो, संध्याकाळी ओळखत नाही. अनुवादात ‘त्यांना विस्मरण होते’ असं सपाट वाक्य आलं की हा काळच पुसला जातो आणि मुलींच्या हाती उत्तर काढायला काही उरत नाही.

असा एक प्रश्न घेऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. दोन वर्षं नावं विसरते, तेच पुन्हा विचारते. चार महिन्यांपूर्वी नवरा गेला. चार दिवसांपूर्वी खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं. आता जेवत नाही, बोलत नाही, डोळे मिटून पडते. सून सांगते, ‘ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत मला पातोळ्यांचं पीठ कसं भिजवायचं ते सांगत होती.’

वयाकडे पाहून कोणी स्मृतिभ्रंश म्हणेल, नवऱ्याकडे पाहून कोणी नैराश्य. सुनेचं वाक्य दोन्हींना आडवं येतं. बदल चार दिवसांतला आहे. मग लक्ष तपासायचं. इंग्रजी महिने उलटे विचारू नका. आजी शाळेत गेलीच नसेल तर ती परीक्षा शिक्षणाची होईल. वार उलटे म्हणायला सांगा, तेही कोंकणीत. आजी म्हणते, ‘शेनवार, शुक्रार…’ आणि सलाईनच्या नळीकडे बघत राहते. पुन्हा विचारलं तर ‘सोमार’ म्हणते आणि डोळा लागतो. संध्याकाळी सगळे वार नीट म्हणते, रात्री पुन्हा एकही नाही.

सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशात उलट घडतं. वार उलटे बहुधा येतात, पण पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द जातात, आणि माणूस ते हसून झाकतो. नैराश्यात ‘मला नाही जमायचं’ असं आधी येतं, विसरण्याची तक्रार रुग्ण स्वतःच करतो; पण धीर देत राहिलं तर सावकाश का होईना, उत्तर निघतं. असं गुंगीत बुडणं तिथे नसतं.

म्हणजे आजीला मुका डिलिरियम झाला आहे, बहुधा जुन्या स्मृतिभ्रंशावर. आता कारण शोधायचं. तिला झोपेसाठी अ‍ॅलर्जीची जुन्या धाटणीची गोळी चालू आहे, जिने तोंड कोरडं पडतं. तीच गोळी मेंदूला गुंगवते आणि मूत्राशयही सुस्त करते. ओटीपोट टणक लागतं, लघवी तुंबलेली आहे. इथे आजीला नुसती उदास समजून नैराश्याची गोळी सुरू केली असती तर तुंबलेली लघवी तशीच राहिली असती. (जुन्या वळणाच्या काही नैराश्याच्या गोळ्या तर तोच त्रास वाढवतात.)

एक अपवाद प्रश्नात मुद्दाम घालतात: ल्युई बॉडी स्मृतिभ्रंश. त्यातही लक्ष दिवसागणिक वरखाली होतं, नसलेली माणसं दिसतात. तिथे पुन्हा क्रियापदाकडे या: ते ‘झालं’ की ‘होत आलंय’?

गोळी बंद केली, लघवी काढली, तरी आजी लगेच उठून बसणार नाही. दिवस, कधी आठवडे जातात. तोवर तिच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊन ‘स्मृतिभ्रंश’ किती, हे ठरवू नये. म्हणून उत्तरसूचीत ‘डिलिरियम’ असं एकच उत्तर ठेवा, आणि ‘दोन वर्षं नावं विसरते’ हे वाक्य कापू नका. प्रश्न लांब वाटला तरी चालेल.